मंगळसूत्राच्या बिलातले जास्तीचे अर्धे ग्रॅम

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे घराघरांत एकच विषय निघतो, तो म्हणजे सोनं. मुरबाडला जायचं, शहापूरला की थेट कल्याण गाठायचं, इथपासून बोलणी सुरू होतात. या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीचं लग्न ठरलं. दुकानात पसंत केलेल्या मंगळसूत्राचा हिशेब शेठनी एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी घेऊन त्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, मला यातलं काही कळत नाही. पण काहीतरी चुकतंय असं मन सांगतं." त्या दिवशी बचतीचा हिशेब लवकर आटोपला आणि चिठ्ठीचा हिशेब रात्रीपर्यंत चालला. तोच आज तुम्हाला सांगतो.

चिठ्ठीवर असं होतं. वजन १२.४८० ग्रॅम, भाव १०,००० रुपये. सोन्याचे झाले १,२४,८०० रुपये. मजुरी १४ टक्के, म्हणजे १७,४७२ रुपये. दोन्ही मिळून १,४२,२७२. त्यावर ३ टक्के जीएसटी ४,२६८ रुपये १६ पैसे. हॉलमार्कचे ५३ रुपये १० पैसे. एकूण १,४६,५९३ रुपये २६ पैसे. हिशेब सोपा जावा म्हणून आम्ही इथे ग्रॅमचा भाव दहा हजार धरला आहे. तुम्ही खरेदीला जाल त्या दिवशीचा भाव वेगळा असेल, पण रीत तीच राहील.

फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर आम्ही दोनदा गुणाकार केला. प्रत्येक बेरीज बरोबर आली. एक रुपयाची चूक नाही. आपली फसगत इथेच होते. बेरीज जुळली की आपण चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवतो. पण बेरीज जुळणं वेगळं आणि बेरजेत काय काय धरलं ते बघणं वेगळं.

एकीने विचारलं, "ताई, काट्यावर काय दिसलं होतं?" ताईंना आठवत होतं. पूर्ण मंगळसूत्र, काळ्या मण्यांसकट, १४.२०० ग्रॅम भरलं होतं. काळे मणी २.२०० ग्रॅमचे आहेत, ते आम्ही धरत नाही, असंही शेठनी स्वतःहून सांगितलं होतं. चांगलं झालं. मग १४.२०० मधून २.२०० गेले की १२.००० उरतात. चिठ्ठीवर मात्र १२.४८०. हे जास्तीचे जवळजवळ अर्धे ग्रॅम आले कुठून?

त्याचं उत्तर पुढे येईल, आधी वजनाचं बोलू. सगळा खेळ तिथूनच सुरू होतो. पक्क्या बिलावर दोन वजनं असायला हवीत. एक एकूण वजन, म्हणजे मणी, खडे, दोरा सगळ्यासकट. दुसरं निव्वळ सोन्याचं वजन. दुकानात पहिल्याला ग्रॉस आणि दुसऱ्याला नेट म्हणतात. सोन्याचा भाव फक्त निव्वळ वजनाला लागतो. काळे मणी काचेचे असतात, त्यांची किंमत घ्यायची तर वेगळी ओळ घालून घ्यावी, पण त्यांना सोन्याच्या भावाने तोलू नये. ठुशी किंवा जुन्या घडणीच्या दागिन्यांत आत लाख भरलेली असते, तिथेही हाच प्रश्न विचारायचा. मंगळसूत्र नवीन करून घेत असाल तर सगळ्यात सोपं म्हणजे वाट्या, सोन्याचे मणी आणि कडी ओवण्याआधीच तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. ओवल्यावर मण्यांचं वजन अंदाजाने वजा होतं, आणि अंदाज सहसा आपल्या बाजूने नसतो.

काट्यावर ठेवताना आधी काटा शून्यावर आहे ना, डबी किंवा मखमली तबक त्यावर नाही ना, हे बघा. डोक्यावर पंखा फिरत असेल तर आकडा हलतो, तो थांबेपर्यंत वाट बघा. सोन्याच्या काट्यावर दशांशानंतर तीन आकडे दिसतात. आपल्याला ते बारीकसारीक वाटतात, म्हणून आपण "साडेबारा ग्रॅम धरा की" असं म्हणून मोकळ्या होतो. पण दहा हजाराच्या भावाला दशांशानंतरचा पहिला आकडा म्हणजे हजार रुपये. दुसरा आकडा शंभराचा. काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी होते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. ते बघायला मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि तोळ्यात बोलू नका. आपल्या आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजच्या दुकानातला तोळा दहा ग्रॅमचा आहे. आजीने दिलेलं दोन तोळ्यांचं सोनं जुन्या मापाने २३ ग्रॅमच्या वर भरतं. दुकानात "दोन तोळे ना, वीस ग्रॅम" असं कुणी म्हणालं तर तीन ग्रॅम बोलता बोलता गेले. ग्रॅम विचारा, ग्रॅमच लिहून घ्या.

आता भाव. पेपरात किंवा टीव्हीवर जो भाव सांगतात तो पुष्कळदा २४ कॅरेटचा आणि दहा ग्रॅमचा असतो. दागिना मात्र बहुधा २२ कॅरेटचा असतो, कारण निखळ सोनं फार मऊ, त्यात थोडा दुसरा धातू मिसळावाच लागतो. २२ कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, म्हणून त्याला ९१६ चं सोनं म्हणतात. तेव्हा २४ कॅरेटचा भाव २४ ने भागून २२ ने गुणा, म्हणजे २२ कॅरेटचा भाव साधारण कळतो. दहा ग्रॅमचा भाव १,०९,००० असेल तर एका ग्रॅमचे १०,९००. त्याला २४ ने भागून २२ ने गुणलं की ९,९९१ रुपये. दुकानाचा भाव याच्या आसपास हवा. थोडा फरक चालतो, दुकानागणिक शे-दोनशे इकडेतिकडे होतात. पण २२ च्या दागिन्याला कुणी १०,९०० लावला तर बारा ग्रॅमवर दहा हजारांच्या वर रक्कम चढते आणि त्या रकमेवर पुन्हा मजुरी चढते. ताईंच्या चिठ्ठीत भाव बरोबर होता.

भाव २२ चा घेतला, पण दागिना खरंच २२ चा आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. दगडावर घासून कळतं ते सोनाराला. आपल्यासाठी हॉलमार्क आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असाव्या लागतात. एक बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, दुसरी शुद्धता, म्हणजे 22K916 असं कोरलेलं, आणि तिसरा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा, जसा आपला आधार क्रमांक. खुणा इतक्या बारीक असतात की चाळिशीच्या चष्म्यानेही दिसत नाहीत. दहापट मोठं दिसणारं भिंग दुकानदाराने ठेवायचंच असतं, तेव्हा हक्काने मागा.

क्रमांक दिसला म्हणजे काम झालं असं नाही. कुणाही सुनेच्या किंवा मुलीच्या फोनवर बीआयएस केअर हे अ‍ॅप घ्या, त्यात Verify HUID दाबा आणि सहा अक्षरं टाका. दागिना कुठला, शुद्धता किती, कोणत्या सोनाराच्या नावाने आणि कोणत्या केंद्रात हॉलमार्क झाला, हे समोर येतं. यात दागिन्याचा प्रकार नीट वाचा. हातात मंगळसूत्र आणि फोनवर अंगठी दिसत असेल, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. खाली ठेवा आणि उठा. एक मात्र लक्षात असू द्या, हॉलमार्क शुद्धतेची खात्री देतो. वजन, मजुरी आणि बिलाचा हिशेब यांच्याशी त्याचा संबंध नाही. "हॉलमार्क आहे ना, मग काय बघायचं," असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला, म्हणजे चमकी, बारीक मुरणी अशांना, हॉलमार्क सक्तीचा नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या छोट्या सोनारालाही ही सक्ती नाही. आपल्या गावच्या ओळखीच्या सोनाराकडे खुणा दिसल्या नाहीत म्हणून तो लगेच खोटा ठरत नाही. पण तिथे शुद्धता बिलावर लिहून घेणं जास्तच गरजेचं.

आता त्या अर्ध्या ग्रॅमकडे येतो. दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकानात फोन लावला. शेठ म्हणाले, "मावशी, ती घट आहे. दागिना घडवताना सोनं कमी होतं. चार टक्के सगळेच लावतात." बारा ग्रॅमचे चार टक्के म्हणजे ०.४८० ग्रॅम. कोडं सुटलं.

घट खोटी नाही. सोनं वितळवताना, कानसताना, झिलई देताना कण उडतात, पूर्वी तर सोनाराच्या भट्टीतली राखसुद्धा विकत घेऊन धुणारे लोक होते. पण तो कारागिराच्या कामाचा खर्च आहे आणि कामाचा खर्च घ्यायला मजुरी आहेच. सरकारने मजुरीवर काही मर्यादा घातलेली नाही, घट लावू नये असाही नियम आमच्या वाचनात नाही. दुकानदार मागू शकतो, आपण नाही म्हणू शकतो. खटकतं ते हे, की घट वजनात मिसळली की ती दिसत नाही. ती आधी वजन फुगवते, मग त्या फुगलेल्या वजनावर मजुरीची टक्केवारी बसते, मग दोन्हींवर कर. एकच गोष्ट तीनदा कमाई करून जाते.

मग आम्ही एक सोपी युक्ती काढली. चिठ्ठीवर काहीही नावं असोत, घट, मजुरी, घडणावळ, पॉलिश, सगळं बाजूला ठेवायचं. आधी शुद्ध हिशेब मांडायचा, निव्वळ वजन गुणिले भाव. १२ ग्रॅम गुणिले १०,००० म्हणजे १,२०,०००. ही सोन्याची खरी किंमत. मग चिठ्ठीवर कर लावण्याआधीची रक्कम बघायची, ती होती १,४२,२७२. दोन्हींतला फरक २२,२७२ रुपये. हे सगळे कामाचे पैसे. २२,२७२ ला १,२०,००० ने भागलं आणि शंभराने गुणलं, तर आले साडेअठरा टक्के, त्याहून किंचित वरच. तोंडाने सांगितलेली मजुरी चौदा, खरी मजुरी साडेअठरा.

ताई गप्पच झाल्या. कारण त्याआधी त्या कल्याणला एका दुकानात जाऊन आल्या होत्या आणि तिथे मजुरी सतरा टक्के सांगितली म्हणून पाय मागे घेतला होता. तिथे घट नव्हती. सतरा टक्क्यांनी मजुरी २०,४०० झाली असती, म्हणजे आपल्या "चौदा टक्क्यां"पेक्षा १,८७२ रुपये कमी. दोन दुकानांची तुलना करायची तर ही एकच टक्केवारी कामाची. कुणी मजुरी ग्रॅमवर सांगतं, "ग्रॅमला चौदाशे". दहा हजाराच्या भावाला तेही चौदाच टक्के. सगळं याच मापाने मोजून बघा. आमचं म्हणणं विचाराल तर ग्रॅमवर ठरलेली मजुरी बरी, कारण टक्केवारीत सोन्याचा भाव चढला की त्याच नक्षीची मजुरीही आपोआप चढते, कारागिराचे हात मात्र तेवढेच चालतात.

आणखी एक ठिकाण तपासा. काही बिलांत सोन्याचा भाव निव्वळ वजनाला लावतात, पण मजुरी एकूण वजनावर काढतात. ताईंच्या मंगळसूत्रात तसं केलं असतं तर काळ्या मण्यांच्या २.२०० ग्रॅमवरही मजुरी बसली असती, चौदा टक्क्यांनी ३,०८० रुपये. कॅल्क्युलेटरवर मजुरीची रक्कम सोन्याच्या किमतीने भागून बघा. सांगितलेली टक्केवारी येत नसेल तर मजुरी कशावर काढली, ते विचारा.

राहिला कर. दागिना विकत घेताना सोनं आणि मजुरी मिळून जी रक्कम होते तिच्यावर ३ टक्के जीएसटी. बिलावर तो दीड-दीड टक्का असा दोन ओळींत दिसतो, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. मजुरीवर सूट मिळाली असेल तर ती आधी वजा व्हायला हवी आणि मग कर. मजुरीवर वेगळा ५ टक्के लावलेला दिसला तर विचारा, कारण तो दर आपण स्वतःचं सोनं देऊन नुसती घडणावळ करून घेतो तेव्हाचा आहे. हॉलमार्कचा खर्च एका नगाला ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणून ५३ रुपये १० पैसे. दागिना दोन ग्रॅमचा असो की वीस ग्रॅमचा, खर्च नगावर, वजनावर नाही. हॉलमार्कचे म्हणून कुणी पाचशे लावले तर ते हॉलमार्कचे नाहीत.

इथे आमचीही एक चूक झाली, ती सांगायला हवी. ताई जुन्या कुड्या मोडीत देणार होत्या, त्यांचे ३०,००० धरले होते. आमचं सगळ्यांचं म्हणणं पडलं की शेठनी आधी तीस हजार वजा करायला हवे होते आणि उरलेल्यावर कर लावायला हवा होता. भांडायच्या तयारीत होतो. पण नियम तसा नाही. कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, जुनं सोनं म्हणजे आपण पैशांऐवजी दिलेलं मोल, ते शेवटी वजा होतं. शेठ बरोबर होते. मोडीत मात्र दुसरीकडे नजर ठेवावी. कुड्या आपल्यासमोर तोला, शुद्धता किती धरली ते विचारा, आणि दोन्ही आकडे बिलावर येऊ द्या.

पुढच्या रविवारी आमच्यातल्या तिघी ताईंबरोबर गेलो. भांडलो नाही. कागदावर आपला हिशेब मांडून पुढे ठेवला आणि ताई म्हणाल्या, "शेठ, घट वेगळी नको. मजुरी म्हणून काय ती एक सांगा, निव्वळ वजनावर." शेठनी कागद वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. शेवटी सोळा टक्क्यांवर ठरलं. सोन्याचे १,२०,०००, मजुरी १९,२००, मिळून १,३९,२००. कर ४,१७६. हॉलमार्क धरून १,४३,४२९ रुपये १० पैसे. त्यातून कुड्यांचे तीस हजार गेले. पहिल्या चिठ्ठीपेक्षा ३,१६४ रुपये कमी. कल्याणच्या दुकानापेक्षाही स्वस्त, आणि बसभाडं वाचलं.

निघताना शेठ म्हणाले, "पक्कं बिल नको असेल तर जीएसटी सोडून देतो, चार हजार वाचतील." ताईंना क्षणभर मोह झाला, आम्हालाही झाला, खोटं कशाला बोला. पण कच्च्या चिठ्ठीवर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. पक्क्या बिलावर दागिन्याचं नाव, निव्वळ वजन, शुद्धता कॅरेटमध्ये आणि आकड्यात, आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहिलेला असावा लागतो. त्याच्या आधारे पुढे कधीही दागिना बीआयएसमान्य तपासणी केंद्रात नेता येतो. चार नगांपर्यंत तपासणीचे २०० रुपये. हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कमी निघाली तर जेवढी कमी, तेवढ्या सोन्याच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला द्यावा लागतो, असा नियम आहे. वजनाची किंवा बिलाची तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बिल नसेल तर यातलं काहीच होत नाही.

पैसे ताईंनी फोनवरून बँकेतून दिले. धसईच्या बाजारात २०१६ च्या डिसेंबरपासून, गाव रोकडरहित झालं तेव्हापासून, आपल्याला याची सवय आहेच. त्यामुळे बिलाबरोबर बँकेच्या खात्यातही नोंद राहिली.

बिल ताईंनी पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, लेकीच्या नावावर. कागदाची शाई दोन-चार वर्षांत उडते म्हणून आम्ही त्याचा फोटो काढून ठेवला. पहिली चिठ्ठी आमच्या गटाच्या वहीत चिकटवली आहे. पुढच्या महिन्यात आणखी दोघींच्या घरी लग्न आहे, तेव्हा ती वही कुणाकडे आहे ते आत्ताच विचारायला सुरुवात झाली आहे.